पिन बकल की फोल्डिंग क्लॅस्प? घड्याळाचा पट्टा मनगटावर कसा बसतो, कसा झिजतो आणि कसा घातला जातो

घड्याळाचा चामडी पट्टा बदलायची वेळ आली की विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो: साधे बकल हवे की फोल्डिंग क्लॅस्प? बहुतेक जण क्लॅस्पकडे वळतात, कारण तो दिसायला भारी असतो आणि त्यामुळे पट्टा जास्त टिकतो असे सांगितले जाते. काही दिवसांनी त्यांतल्या बऱ्याच जणांचे मनगट एका बाजूला दुखू लागते, तिथे कातडीवर लालसर वळ उठतो, आणि दोष घड्याळाच्या वजनाला किंवा चामड्याच्या कडकपणाला दिला जातो. खरे कारण बहुधा वेगळेच असते. क्लॅस्प मनगटाच्या चुकीच्या जागी बसलेला असतो, आणि तो तिथे का बसला हे पट्ट्याच्या दोन तुकड्यांच्या लांबीवरून आधीच मोजून काढता येते. या लेखात मुख्यतः ते मोजमाप समजून घेऊ, आणि त्याच ओघात झीज आणि घालण्या-काढण्याची सोय यांविषयीचे समजही तपासून पाहू.

दोन्ही रचना कशा चालतात

चामडी पट्ट्याचे दोन तुकडे असतात. आखूड तुकडा तबकडीवरच्या बाराच्या बाजूला जोडलेला असतो आणि लांब, भोके असलेला तुकडा सहाच्या बाजूला. पुढे त्यांना बाराची बाजू आणि सहाची बाजू असेच म्हणू. पट्ट्यांच्या वर्णनात ११५/७५ असे जे आकडे दिलेले असतात, ते या दोन तुकड्यांच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये.

पिन बकल कमरेच्या पट्ट्यासारखेच असते. बाराच्या बाजूच्या टोकाला धातूची चौकट आणि एक पिन असते. सहाची बाजू चौकटीतून ओढायची, पिन एका भोकात घालायची आणि उरलेले टोक लूपमध्ये सरकवायचे. घड्याळ काढताना पट्ट्याचे दोन तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटे होतात.

फोल्डिंग क्लॅस्पमध्ये हे दोन तुकडे कधीच सुटे होत नाहीत. त्यांच्यामध्ये बिजागरीने जोडलेली धातूची पाती असतात, जी मिटली की एकमेकांवर घडी होऊन बसतात आणि उघडली की लांब पसरतात. सर्वांत प्रचलित प्रकारात एक पाते बाराच्या बाजूच्या टोकापासून निघून सहाच्या बाजूच्या पट्ट्याखाली जाते, दुसरे पाते तिथल्या बिजागरीवरून मागे वळते आणि त्याच्या टोकाला चौकट असते. सहाची बाजू या चौकटीत एकदाच, योग्य भोकात अडकवायची. त्यानंतर रोज फक्त पाती उघडायची आणि मिटायची. कार्टिए या पॅरिसच्या पेढीने १९०९-१० च्या सुमारास अशा घडीच्या क्लॅस्पचे पेटंट घेतले, म्हणजे मनगटी घड्याळे नुकती रूढ होऊ लागली तेव्हापासून ही कल्पना वापरात आहे.

मनगट गोल नसते, आणि सगळे तिथूनच सुरू होते

मनगट आडवे कापून पाहता आले असते, तर ते लंबगोल दिसले असते. वर, जिथे घड्याळ बसते, तो भाग बराचसा सपाट. खाली, जिथे नाडी आणि शिरा असतात, तोही मध्यभागी सपाट. आणि दोन्ही कडांना, अंगठ्याच्या व करंगळीच्या बाजूला, हाडावरून घेतलेले तीव्र वळण. चामडे लवचीक असल्यामुळे ते या सगळ्या वळणांना निमूट जुळते. धातू जुळत नाही. म्हणून पट्ट्यातला जो काही कडक भाग आहे तो खालच्या सपाट जागेत बसला तर जाणवत नाही, आणि कडेच्या वळणावर आला तर त्याचे एक टोक हवेत राहते व दुसरे कातडीत रुतते.

पिन बकलमधला कडक भाग म्हणजे एक चौकट. ती लहान असते आणि शिवाय चामड्याच्या बाहेरच्या अंगाला असते, म्हणून ती थोडी बाजूला सरकली तरी फारसे बिघडत नाही. क्लॅस्पच्या पात्याची लांबी मात्र तीन-साडेतीन सेंटीमीटर असते, त्याला कारखान्यात एक ठरावीक बाक दिलेला असतो, आणि ते थेट कातडीला लागते. त्यामुळे क्लॅस्पच्या बाबतीत जागेला फार महत्त्व येते.

एक उदाहरण आकड्यांत

समजा मनगटाचा घेर १७० मिलिमीटर आहे. घड्याळाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे जिथे जिथे पट्टा जोडला जातो तिथून तिथपर्यंतची, ४६ मिलिमीटर आहे. घेरातून ती वजा केली की पट्ट्याने झाकायचे अंतर उरते १२४ मिलिमीटर. त्याचा मध्य, म्हणजेच घड्याळाच्या बरोबर समोरचा खालचा बिंदू, पट्ट्याच्या दोन्ही मुळांपासून ६२ मिलिमीटरवर येतो.

आता नेहमीचा ११५/७५ चा पट्टा पिन बकलसह लावला. बाराची बाजू ७५ मिलिमीटर असल्यामुळे बकल मध्यबिंदूच्या १३ मिलिमीटर पलीकडे, सहाच्या दिशेला येते. सपाट जागा या मापाच्या मनगटाला मध्यापासून दोन्हीकडे साधारण दोन-सव्वादोन सेंटीमीटर असते, त्यामुळे बकल अजून सपाट जागेतच आहे. पट्टा आरामात बसतो.

त्याच पट्ट्यावर बकल काढून ३२ मिलिमीटर लांब पात्यांचा क्लॅस्प बसवला, तर काय होते ते पाहा. क्लॅस्पची सुरुवात बाराच्या बाजूच्या टोकाशी, म्हणजे ७५ मिलिमीटरवर होते, आणि पाते तिथून सहाच्या दिशेला ३२ मिलिमीटर पुढे जाऊन १०७ मिलिमीटरवर संपते. मध्यबिंदूपासून मोजले तर तो १३ ते ४५ मिलिमीटर या अंतरात आहे. क्लॅस्पचा निम्म्याहून जास्त भाग सपाट जागा सोडून कडेच्या वळणावर गेला. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर सहाची बाजू अंगठ्याकडे असते, त्यामुळे बिजागरीचे टोक नेमके अंगठ्याखालच्या हाडावर टेकते. दुखण्याची आणि लाल वळाची जागा तीच.

आता बाराची बाजू ६० मिलिमीटर असलेला पट्टा घेऊ. क्लॅस्प ६० पासून ९२ पर्यंत बसेल, म्हणजे मध्यबिंदूच्या दोन मिलिमीटर अलीकडून ते तीस मिलिमीटर पलीकडेपर्यंत. अजूनही तो थोडा सहाच्या बाजूला झुकलेला आहे, पण त्याचा बहुतेक भाग सपाट जागेत आला. बाराची बाजू १५ मिलिमीटरने कमी झाली, तेवढे अंतर सहाच्या बाजूने भरून काढावे लागते. चामड्याच्या जाडीमुळे बाहेरच्या थराला थोडे जास्त अंतर जावे लागते, ते साधारण सहा मिलिमीटर धरले, तर पिन बकलला मुळापासून सुमारे ५५ मिलिमीटरवरचे भोक लागत होते, तर आता सुमारे ७० मिलिमीटरवरचे लागेल. सहाच्या बाजूवर भोकांची जी रांग असते तिच्यात दोन्ही जागा सहज सापडतात.

ज्यांना क्लॅस्प घ्यायचाच आहे, त्यांनी म्हणूनच घड्याळ घालून, पट्ट्याच्या मुळापासून मनगटाच्या खालच्या मध्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजावे आणि बाराची बाजू त्या अंतराहून थोडी आखूडच निवडावी. माझ्या मते क्लॅस्पबद्दलच्या तक्रारींवर याहून परिणामकारक उपाय नाही, आणि तरीही विकताना तो क्वचितच सांगितला जातो. काही क्लॅस्पची पाती उलट बाजूला, म्हणजे बाराच्या पट्ट्याखाली, घडी होतात. त्यांच्यासाठी हाच हिशेब उलट दिशेने करावा लागतो आणि तिथे लांब बाराची बाजूच उपयोगी पडते. क्लॅस्प हातात घेऊन एकदा उघडमीट केली की पाती कोणत्या दिशेला जातात ते दिसते.

मनगट बारीक असेल, म्हणजे घेर १५५-१६० मिलिमीटरच्या आसपास असेल, तर जागा बरोबर असूनही पात्याचा बाक मनगटापेक्षा उघडा पडू शकतो. अशा वेळी क्लॅस्पचा मधला भाग टेकतो आणि टोके वर उचलली जातात. धातूचे पाते हाताने वाकवून बाक बदलण्याचा प्रयत्न करू नये. बिजागरी वाकडी होते आणि क्लॅस्प नीट मिटत नाही. लहान पात्यांचा क्लॅस्प शोधणे किंवा पिन बकलच ठेवणे, एवढे दोनच मार्ग खरे.

मनगट दिवसभरात फुगते, तेव्हा?

उष्णतेने आणि श्रमाने मनगट फुगते, थंडीत आकसते. फरक काही मिलिमीटरचा असतो, पण घट्ट पट्ट्याला तो लगेच जाणवतो. पट्ट्यावरच्या दोन भोकांमधले अंतर बहुधा सहा-सात मिलिमीटर असते, त्यामुळे अगदी नेमके माप मिळणे हा नशिबाचा भाग असतो. आपल्याला हवे ते माप आणि जवळचे भोक यांत तीन-साडेतीन मिलिमीटरपर्यंत फरक राहू शकतो.

क्लॅस्पमुळे माप बारकाईने जुळवता येते असे अनेकांना वाटते. धातूच्या साखळी पट्ट्यांच्या काही क्लॅस्पमध्ये तशी सोय खरोखर असते, पण चामडी पट्ट्याचा साधा क्लॅस्प त्याच भोकांवर अवलंबून असतो. फरक एवढाच की पिन बकलवर भोक बदलायला क्षणभर लागतो, तर क्लॅस्पवर घड्याळ काढून, चौकटीतली पिन सोडवून, पट्टा सरकवून पुन्हा अडकवावा लागतो. ज्यांचे मनगट दिवसभरात बरेच बदलते त्यांना पिन बकल जास्त सोयीचे, असे मी निःसंकोच म्हणेन. क्लॅस्प वापरणाऱ्याने मग सकाळच्या घट्ट मापावर न जाता, दुपारी फुगलेल्या मनगटावर भोक निवडावे.

पट्टा नेमका कुठे मरतो

पिन बकलवर पट्टा घालताना आणि काढताना एकच कृती पुन्हा पुन्हा होते. पिन भोकातून सोडवण्यासाठी पट्ट्याचे टोक उलट दिशेला ओढावे लागते, आणि त्या क्षणी चामडे भोकाच्या रेषेत जवळजवळ दुमडले जाते. रोज एकदा घातले आणि एकदा काढले तरी वर्षाला ही दुमड ७३० वेळा होते, तीही सदैव त्याच भोकाशी. शिवाय दिवसभर पिन भोकाच्या एकाच कडेला ओढत राहते.

याच्या खुणा क्रमाने दिसतात. आधी भोकाच्या दोन्ही बाजूंना वरच्या थरावर आडवी फिकट रेघ उमटते. मग गोल भोक लांबट होऊ लागते आणि त्याच्या कडेपासून बारीक चिरा निघतात. त्यानंतर वरचा थर अस्तरापासून सुटतो. या टप्प्यावर पट्टा बदलावा, कारण पुढची पायरी म्हणजे भोक कडेपर्यंत फाटणे.

क्लॅस्पवर ही दुमड रोज होत नाही. पट्टा एकदा चौकटीत अडकवला की त्याच बाकात राहतो, म्हणून भोकाशी होणारी झीज खरोखरच खूप कमी होते. क्लॅस्पचा सर्वांत मोठा आणि निर्विवाद फायदा हाच आहे.

मग क्लॅस्पवर पट्टा दुप्पट टिकतो का?

असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण पट्टा फक्त भोकाशी झिजत नाही. घाम अस्तरातून आत मुरतो आणि चामडे आतून कडक व ठिसूळ करतो. घड्याळाजवळच्या मुळाशी चामडे रोज वाकते. आणि या दोन्हींवर बकल असो वा क्लॅस्प, काही फरक पडत नाही. ज्याला खूप घाम येतो त्याचा पट्टा अनेकदा भोक शाबूत असतानाच अस्तराकडून खराब होतो, आणि अशा माणसाला क्लॅस्पमुळे टिकाऊपणात फारसे काही मिळत नाही.

उलट क्लॅस्प स्वतःची एक झीज घेऊन येतो. पाती सहाच्या बाजूच्या अस्तराला घासतात, आणि पाते व चामडे यांच्या फटीत घाम आणि मळ साचतो. काही महिन्यांनी तिथे पात्याच्या आकाराचा काळपट ठसा दिसतो, आणि त्याच्या कडेला अस्तर खरवडल्यासारखे होते. पट्ट्याचे टोक आतल्या बाजूला दडणारे काही क्लॅस्प असतात. त्यांत टोक कातडी आणि धातू यांच्यामध्ये दबलेले राहते, त्यामुळे ते घामाने लवकर मऊ पडते. क्लॅस्प उघडा ठेवून पात्यांखालचा भाग कोरड्या मऊ कापडाने पुसणे आणि घड्याळ काढल्यावर रात्रभर क्लॅस्प मिटून न ठेवणे, एवढ्याने ही झीज बरीच लांबते.

घालणे आणि काढणे

पिन बकल एका हाताने लावणे ही सवयीची गोष्ट आहे, पण ती सोपी नाही. पट्टा चौकटीत ओढून धरायचा, पिन नेमकी भोकात घालायची आणि टोक लूपमध्ये सरकवायचे, हे सगळे दुसऱ्या हाताच्या बोटांनी, मनगट मांडीवर किंवा टेबलावर टेकवून करावे लागते. बोटांचे सांधे आखडलेल्या, हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या माणसासाठी हे रोजचे कष्ट आहेत, आणि त्यांच्या बाबतीत क्लॅस्पचा फायदा मी सर्वांत मोठा मानतो. हात कड्यातून घालायचा आणि पाती दाबून मिटायची, एवढेच.

मात्र इथेही एक मर्यादा आहे. क्लॅस्प उघडल्यावर कड्याचा घेर किती वाढतो हे पात्यांच्या लांबीवर ठरते. वरच्या उदाहरणातली ३२ मिलिमीटरची दोन पाती पूर्ण पसरली तर घेर ६४ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे १७० चा सुमारे २३४ होतो. अंगठा तळहातात मिटून हाताच्या सर्वांत रुंद भागाचा, बोटांच्या मुळांजवळचा घेर मोजावा. तो २२० असेल तर हात सहज जातो. २३५ असेल तर घड्याळ दरवेळी बोटांच्या सांध्यांवरून ओढावे लागेल. सुजलेल्या सांध्यांसाठी क्लॅस्प घेताना हे माप आधी घेतलेच पाहिजे, नाहीतर ज्या त्रासापासून सुटका हवी होती तोच दुसऱ्या रूपात परत येतो.

बंद होण्याच्या पद्धतीतही फरक आहे. काही क्लॅस्प फक्त घर्षणाने घट्ट बसतात आणि उघडताना नखाने किंवा ओढून सोडवावे लागतात. आखडलेल्या बोटांना हे जड जाते. दोन्ही बाजूंना दाबायची बटणे असलेला क्लॅस्प अशा हातांसाठी बरा. घर्षणाचा क्लॅस्प कालांतराने सैल होतो. तो मिटताना येणारा स्पष्ट 'टक' आवाज मऊ पडला, किंवा हात झटकल्यावर पाते स्वतःहून उघडू लागले, तर तो दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची वेळ झाली.

क्लॅस्प असेल तर घड्याळ पडत नाही, हे खरे का?

यात अर्धे तथ्य आहे. पिन बकल काढताना हात चुकला तर दोन्ही तुकडे सुटे होतात आणि घड्याळ थेट जमिनीवर जाते. क्लॅस्प उघडला किंवा चालताना अपघाताने सुटला, तरी कडे अखंड असते. घड्याळ सैल होऊन बहुधा हातातच अडकते. काढता-घालताना घड्याळ निसटण्याची भीती म्हणून क्लॅस्पवर खरोखरच कमी.

पण पट्टा घड्याळाला जोडणारी बारीक स्प्रिंग असलेली दांडी, जिला स्प्रिंग बार म्हणतात, ती सुटली किंवा तुटली तर दोन्ही रचनांमध्ये घड्याळ सारखेच पडते. शिवाय बकल असो वा क्लॅस्प, तो बाराच्या बाजूच्या टोकाला बहुधा अशाच एका दांडीने जोडलेला असतो, म्हणजे तपासायची जागा आणखी एक असते. नवा क्लॅस्प बसवल्यावर प्रत्येक जोडापाशी पट्टा हलकेच ओढून, पिळून पाहावा; दांडीचे टोक छिद्रात पूर्ण बसले नसेल तर ते तेव्हाच निसटते.

माप जुळवताना राहून जाणाऱ्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट रुंदी. पट्टा घड्याळाशी २० मिलिमीटर रुंद असला तरी टोकाकडे तो बहुधा १८ किंवा १६ पर्यंत निमुळता होतो. क्लॅस्पची रुंदी या निमुळत्या टोकाशी जुळली पाहिजे. १६ चा पट्टा १८ च्या क्लॅस्पमध्ये डावी-उजवीकडे सरकतो, आणि १८ चा पट्टा १६ च्या क्लॅस्पमध्ये कडा चेपून बसवावा लागतो, ज्या मग तिथूनच उसवू लागतात.

दुसरी गोष्ट जाडी. आत भर घातलेला फुगीर पट्टा पिन बकलमधून जातो, कारण चौकट उघडी असते. क्लॅस्पच्या बंद चौकटीत तो कोंबावा लागतो, पट्ट्याचे दोन थर आणि पात्यांची घडी मिळून मनगटाखाली मोठा उंचवटा होतो, आणि टेबलावर हात टेकून लिहिताना किंवा टाइप करताना तो कडेवर आपटत राहतो. दिवसाचा बराच वेळ टेबलाशी जाणारा माणूस असेल, तर त्याने क्लॅस्पसाठी टोकाशी दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, सपाट पट्टा घ्यावा. फुगीर पट्टाच आवडत असेल, तर त्यावर पिन बकलच राहू द्यावे.